एचजीटी बाराला, ताट दीडला: वॉर्डात जेवणाआधी शुगर का कोसळते

तक्रार अशी. दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान वॉर्डातला कुणीतरी डायबेटिक पेशंट घामाघूम होतो, हात थरथरतात, "सिस्टर, डोळ्यापुढं अंधारी येतेय" म्हणतो. बोटाच्या थेंबातून शुगर बघायची एचजीटी करावी तर आकडा साठच्या आसपास. साखरपाणी द्यायचं, तो सावरतो, संध्याकाळी त्याचीच शुगर तीनशेच्या वर. मग कुणीतरी शुगरच्या आकड्यावरून इन्सुलिनची युनिटं ठरवणारा स्केल वाढवतं आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. बाराचा डोस शीटवर बरोबर लिहिलेला, सही असलेली, स्केलमधली ओळही बरोबर. तरी शुगर पडते.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात तीस बेडच्या पुरुष वॉर्डची इन्चार्ज आहे. हे कोडं आमच्याकडे बरेच महिने होतं आणि प्रत्येक वेळी दोष पेशंटवर जायचा. "काका काही खात नाहीत", "त्यांची शुगर फार वरखाली होते", वगैरे. जानेवारीत बेड सातच्या काकांच्या बाबतीत मी एका दिवसाच्या सगळ्या वेळा मिनिटासकट कागदावर मांडल्या, तेव्हा गाठ सापडली. तोच दिवस इथे देते.

काका सासवडकडचे, वय बासष्ट, वजन ५८ किलो, पायाला सेल्युलायटिस. क्रिएटिनिन २.१, म्हणजे किडनी बरीच थकलेली. हे लक्षात ठेवा, कारण अशा माणसाच्या अंगात इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळतं. सोमवारी त्यांची जखम साफ करायची होती म्हणून ते एनबीएम, म्हणजे पूर्ण उपाशी होते. त्या रात्री डॉक्टरांनी लिहिलं: दर सहा तासांनी एचजीटी, त्याप्रमाणे रेग्युलर इन्सुलिन स्केलवर. म्हणजे आपलं नेहमीचं सहा-बारा-सहा-बारा. जो माणूस तोंडानं काहीच घेत नाही त्याच्यासाठी ही ऑर्डर ठीकच आहे. रेग्युलर साधारण सहा तास काम करतं, सहा तासांनी पुन्हा बघायचं, मधे जेवण येऊन गणित बिघडवत नाही.

मंगळवारी सकाळी राउंडला डाएट सुरू झालं. शीटवर "डायबेटिक डाएट" आणि खाली "सीटी ऑल". या दोन शब्दांत सगळी गोम आहे. औषधं चालू ठेवा म्हणताना सहा-बारा-सहा-बाराही चालू राहिलं. काका आता जेवणार होते, पण त्यांचं इन्सुलिन घड्याळावर चालणार होतं.

आमचा स्केल असा: १५१ ते २०० ला २ युनिट, २०१ ते २५० ला ४, २५१ ते ३०० ला ६, ३०१ ते ३५० ला ८, त्यापुढे डॉक्टरांना फोन. तुमच्याकडचा वेगळा असेल. वजन, किडनी, स्टिरॉइड यांवर तो बदलतो आणि तो डॉक्टरांनीच लिहायचा असतो. रात्री दहाला १४ युनिट ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर संथ चालणारं इन्सुलिनही होतं.

आता बुधवार. सकाळी सहाला २१२, रेग्युलर ४. नाश्ता आठला आला, म्हणजे दोन तासांनी. निभावलं. दुपारी बाराला २६४, बारा वाजून पाच मिनिटांनी ६ युनिट. ताट यायला हवं पाऊण वाजता. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, ट्रॉली दीडला आली. एक पंचवीसला काकांना घाम, एचजीटी ६१. विद्यार्थिनीनं तीन चमचे ग्लुकोज पाण्यात दिलं, ते योग्यच. पण घाबरलेल्या काकूंनी पाठोपाठ गोड चहा आणि अर्धा पुडा बिस्किटं दिली, वर ताट आलं ते काकांनी पूर्ण संपवलं. संध्याकाळी सहाला ३१८, रेग्युलर ८. ड्युटीवरच्या डॉक्टरांना फक्त ३१८ दिसलं, दुपारचं ६१ वेगळ्या पानावर होतं. त्यांनी स्केलच्या प्रत्येक पायरीला दोन युनिट वाढवली. रात्रीचं जेवण सव्वाआठला. बाराला २४३, नव्या स्केलनं ६ युनिट. पहाटे चारला काका हाक मारली तरी नीट उत्तर देईनात. एचजीटी ५४.

दिवसभरात टोचलेल्या प्रत्येक डोसाला शीटवर आधार आहे. चूक वेळेत आहे, आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी आहे. एकेक सुटी करून बघू.

पहिलं, रेग्युलर आणि ताट यांच्यातलं अंतर. रेग्युलर त्वचेखाली टोचल्यावर अर्ध्या तासानं कामाला लागतं आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायचं. काकांना ते ताटाच्या पंच्याऐंशी मिनिटं आधी मिळालं. इन्सुलिनचा जोर चढत होता आणि पोटात काही नव्हतं. लिस्प्रो किंवा अ‍ॅस्पार्टसारखं जलद इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतं, त्यामुळे ते जेवणाआधी पंधरा मिनिटांच्या आतच. ते देऊन ताटाची वाट पाहणं म्हणजे आणखी मोठा धोका. म्हणून आता आमच्याकडे नियम आहे की जलद इन्सुलिन ताट टेबलावर दिसल्याशिवाय पेनला सुईसुद्धा लावायची नाही.

पण पुन्हा हिशोब केला तर फक्त उशिरानं कोडं सुटत नाही. २६४ वरून ६१ वर दीड तासात यायला सहा युनिट रेग्युलर कमी पडतं, तेवढ्या वेळात त्याचा निम्मा परिणामही झालेला नसतो. सकाळच्या चार युनिटांचं शेपूट आणि थकलेली किडनी धरली तरी जमत नाही. म्हणून मी २६४ वरच शंका घेतली.

काकूंना विचारलं, साडेअकरा-बाराच्या सुमारास काकांनी काही खाल्लं होतं का. "नाही हो सिस्टर, जेवायचं होतं ना. संत्रं फक्त सोललं त्यांनी माझ्यासाठी. दोन फोडी खाल्ल्या असतील." सोललं त्यांनी, आणि त्याच बोटातून एचजीटी झाली. विद्यार्थिनी म्हणाली, स्पिरिटनं पुसलं होतं. मी म्हटलं, थांब. माझ्या डब्यात संत्रं होतं. मी सोललं, बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, वाळू दिलं, टोचलं: १७३. मग साबण-पाण्यानं हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं: ९४. मला डायबेटिस नाही. फळाची साखर बोटावर चिकटते आणि स्पिरिटचा बोळा ती नीट काढत नाही, पाणी काढतं. काकांची खरी शुगर दीडशेच्या घरात असावी असा माझा अंदाज आहे. म्हणजे स्केलवर २ युनिट, फार तर. त्यांना ६ मिळाली.

तेव्हापासून आमच्या एचजीटीच्या ट्रेमध्ये स्पिरिटच्या शेजारी कोमट पाण्याची वाटी आणि कोरडा कापूस असतो. चालत्या पेशंटला बेसिनवर पाठवायचं, झोपून असलेल्याचं बोट ओल्या कापसानं पुसून कोरडं करायचं. ते अगदीच शक्य नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं आणि थेंबासाठी बोट पिळायचं नाही. ज्या हातात डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू आहे तो हात सोडून द्यायचा. आणि आकडा पेशंटच्या तब्येतीशी किंवा आधीच्या आकड्यांशी अजिबात जुळत नसेल तर टोचण्याआधी हात धुऊन पुन्हा करायची. स्ट्रिप महाग आहे म्हणून कुरकुर होते, मान्य. पण पहाटे चारच्या ५४ ला किती स्ट्रिपा लागल्या ते मी मोजलं होतं.

आता आकडा जुना होण्याचा मुद्दा, जो आमच्या लक्षातच येत नव्हता. वॉर्डात त्या आठवड्यात चौदा डायबेटिक होते. एक विद्यार्थिनी ट्रे घेऊन सगळ्यांच्या एचजीटी करत जाते आणि चिठ्ठीवर लिहिते. मागून स्टाफ सिस्टर शीट उघडून डोस देते. हात धुण्यासकट एका पेशंटला दोन मिनिटं धरली तरी शेवटच्या बेडपर्यंत अर्धा तास जातो, आणि टोचणारी सिस्टर पहिल्या बेडवर पोचते तेव्हा तो आकडा अर्ध्या तासाचा शिळा. वर चिठ्ठीवरून शीटवर उतरवताना बेड सहाचा आकडा सातला जाण्याची भीती वेगळीच. आता एकच जण बेडजवळ उभं राहून आकडा घेते, शीट बघते, टोचते आणि मगच पुढच्या बेडला जाते. दोघी दोन टोकांनी निघतात. वाचन आणि टोचणं यांच्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त गेला तर पुन्हा वाचन. एक तास उलटला तर तो आकडा नाहीच असं समजायचं.

शीट बघते म्हणजे काय बघते, ते सांगते, कारण "चार्ट चेक करा" म्हटलं की सगळे फक्त स्केलची ओळ बघतात. ओळ शेवटी येते. आधी बघायचं की हा माणूस आत्ता जेवणार आहे का. सोनोग्राफीसाठी एनबीएम आहे, उलट्या होताहेत, आज संकष्टी आहे म्हणून चंद्र उगवेपर्यंत जेवणार नाही, यातलं काहीही असू शकतं, आणि संकष्टीचं पेशंट आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. मग बघायचं की डोस कशासाठी आहे. काही शीटवर दोन वेगळ्या ऑर्डरी असतात: जेवणासाठी ठरलेली युनिटं, आणि आकडा जास्त असेल तर त्यावर करेक्शन. जेवणाचा डोस येणाऱ्या ताटासाठी आहे, करेक्शन आधीच चढलेल्या शुगरसाठी. जो जेवणार नाही त्याचा जेवणाचा डोस थांबतो. करेक्शनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारायचं. दोन्ही डोस एकाच सिरिंजमध्ये जातात म्हणून ते एकच आहेत असं नाही.

आणि त्यानंतर तिसरी गोष्ट, जिच्यामुळे काकांची शुगर पहाटे पडली: मागचा डोस कधी गेला? सहाला ८ युनिट रेग्युलर गेलं. त्याचा अंमल बारापर्यंत, आणि काकांच्या किडनीत त्याहून पुढेही, चालूच होता. त्यावर बाराला ६. त्याखाली दहाचं ग्लार्जिन. आणि पुढचं अन्न थेट सकाळी आठला. बारा वाजताचं २४३ हे सव्वाआठच्या जेवणाचं राहिलेलं टोक होतं, ते आपोआप थोडं उतरलंच असतं. डोसावर डोस चढणं म्हणतात ते हेच. रेग्युलरचं आधीचं करेक्शन सहा तासांच्या आत असेल, किंवा जलद इन्सुलिनचं चार तासांच्या आत, तर आम्ही पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. जेवल्यावर दोन तासांनी कुणी एचजीटी केली आणि २४० आली तरी तो आकडा जेवणाआधीच्या स्केलवर बसवायचा नाही. ते स्केल रिकाम्या पोटाच्या आकड्यासाठी लिहिलंय. नातेवाइकांच्या आग्रहाखातर असली दोनची एचजीटी होते आणि मग सगळे अस्वस्थ होतात.

थोडं सिरिंजबद्दल, कारण ही चूक झाली की वेळेचं सगळं शहाणपण वाया. आपल्याकडे रेग्युलरची बाटली बहुतेक ४० युनिट प्रति मिलीची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनचं काडतूस आणि ग्लार्जिनची बाटली १०० ची. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ६ च्या रेघेपर्यंत ओढलं तर जातात १५ युनिट. पेनच्या काडतुसातून सिरिंजनं औषध ओढायचं नाही, कितीही घाई असली तरी. शीटवर "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजी यू हे अक्षर आकड्याला चिकटलं की शून्यासारखं दिसतं आणि सहाचे साठ होतात.

काकांचं पुढे काय केलं? गुरुवारी सकाळी मी डॉक्टरांना चार वेळांचा कागद दाखवला: वाचन कधी, टोचलं कधी, ताट कधी, किती खाल्लं. त्यांनी सहा-बारा-सहा-बारा खोडलं आणि एचजीटी तिन्ही जेवणांआधी व रात्री झोपताना लावली. झोपतानाच्या आकड्याला करेक्शन नाही, ३०० च्या वर असेल तर फोन. वाढवलेला स्केल परत खाली आणला, किडनी बघून मूळ स्केलच्याही एक पायरी कमी केला. दोन दिवस तिन्ही वेळा करेक्शन लागतंय असं दिसल्यावर त्यांनी जेवणाचा ठरलेला डोस सुरू केला. हा मुद्दा आमच्या ज्युनिअर मंडळींना सांगावा लागतो: करेक्शन रोज प्रत्येक वेळी लागत असेल तर स्केल वाढवायचा नसतो, मूळ डोस अपुरा आहे हे डॉक्टरांना कळवायचं असतं. स्केल शुगर चढून गेल्यावर तिच्या मागे धावतो. शनिवारपर्यंत काकांचे जेवणाआधीचे आकडे १४० ते १९० मधे होते, आणि एकदाही सत्तरच्या खाली गेले नाहीत.

राहिला ट्रॉलीचा प्रश्न, तो शीटवर सुटत नाही. आमचं किचन तळमजल्यावर, वॉर्ड तिसऱ्यावर, आणि ट्रॉली आधी दुसऱ्या मजल्याला वाढते. मी चार दिवस घड्याळ लावून पाहिलं: किचनमधून निघाल्यापासून आमच्या दारात वीस ते पंचवीस मिनिटं, आणि शेवटच्या बेडला आणखी पाच. म्हणजे रेग्युलरला हवा असलेला अर्धा तास आयताच मिळतो, फक्त ट्रॉली निघाल्याचं कळायला हवं. किचनच्या मावशींना सांगितलं, निघताना वॉर्डला फोन करा. फोन आला की रेग्युलरवाल्यांचं वाचन आणि डोस सुरू. जलदवाल्यांचं वाचन ट्रॉली दारात आल्यावर, डोस ताट टेबलावर आल्यावर. बाराची घंटा आमच्यासाठी संपली. ज्यांचा डबा घरून येतो त्यांचं इन्सुलिन डबा उघडल्यावर. "निघालेत, स्वारगेटला पोचलेत" यावर मी डोस देत नाही, स्वारगेटहून आमच्यापर्यंत कधी दहा मिनिटं लागतात, कधी पाऊण तास.

तरीही रेग्युलर देऊन झालं आणि ताट अडकलं असं होतंच. टोचल्यापासून अर्धा तास झाला आणि ताट दिसत नाही, तर थांबायचं नाही: एक कप दूध आणि तीन-चार मारी बिस्किटं द्यायची. ती वॉर्डच्या कपाटात वेगळी ठेवली आहेत. जलद इन्सुलिन दिलेलं असेल तर पंधरा मिनिटांतच द्यायची. अर्ध्या तासानं पुन्हा एचजीटी. सत्तरच्या खाली आकडा आला तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा एचजीटी, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. सावरला की मग ताट. गोड चहा, बिस्किटं, सरबत असं सगळं एकदम द्यायचं नाही, नाहीतर संध्याकाळचं ३१८ ठरलेलं. नीट गिळता येत नसेल, गुंगी असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही. डॉक्टरांना हाक आणि शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज. आणि हा खालचा आकडा त्याच पानावर लिहायचा जिथे स्केल आहे, म्हणजे पुढचा डॉक्टर फक्त ३१८ बघून निर्णय घेणार नाही.

ज्यांचं खाणं बेभरवशाचं, म्हणजे मळमळ असलेले, फार म्हातारे, अर्ध्या पोळीवर ताट सरकवणारे, त्यांच्यासाठी आमचे डॉक्टर जलद इन्सुलिन जेवण झाल्या झाल्या द्यायला लिहितात. आकडा जेवणाआधीचाच धरायचा, करेक्शन त्याप्रमाणे, आणि जेवणाचा डोस खाल्लं त्या प्रमाणात. पण ही ऑर्डर लेखी हवी, आणि रेग्युलरला ही युक्ती चालत नाही. ते जेवणानंतर दिलं तर जेवण पचून गेल्यावर जोर धरतं आणि शुगर दुपारी चारला पडते. महिन्याअखेरीस घरच्यांना पेन परवडत नाही म्हणून कुणी पुन्हा रेग्युलरवर आला की शीटवर "जेवणानंतर" तसंच राहून जातं, ते मी स्वतः शोधते.

रविवारी किचनमध्ये वेगळी माणसं असतात आणि फोन विसरतात. त्या दिवशी आम्ही पाऊण वाजल्यापासून वॉर्डच्या मामांना जिन्यात उभं करतो, ते खालच्या मजल्यावर ट्रॉलीची चाकं ऐकली की वर हाक मारतात.